ओल्या चढावर पुढची, मागची की चारही चाकं?

प्रश्न: जांबोटीच्या पुढं आमची काजूची बाग आहे. बेळगावहून दर रविवारी जातो. गाडी साधी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. पावसाळ्यात पाणंदीतल्या शेवटच्या लाल मातीच्या चढावर चाकं जागेवर फिरतात आणि गाडी मागं घसरते. भाऊ म्हणतो, मागच्या चाकांवर चालणारी घे, चढाला तीच ओढते. मेहुणा म्हणतो, चारी चाकांशिवाय भागणार नाही. नेमकं काय खरं?

उत्तर:

दोघांचंही अर्धं खरं आहे. तुमची गाडी चढत नाही ते इंजिनात दम नाही म्हणून नव्हे. लहान पेट्रोल इंजिनसुद्धा पहिल्या गिअरमध्ये, नीट रेस असेल तर, चाकाखाली 400 किलोच्या वर रेटा देतं. तुमच्या चढाला त्याच्या निम्माच लागतो. चाक जागेवर फिरतंय याचाच अर्थ ताकद तिथवर पोचली, पण जमिनीनं ती घेतली नाही. जमीन किती ताकद घेईल हे दोन गोष्टींवर ठरतं: माती किती निसरडी आहे, आणि ज्या चाकांना ताकद जाते त्यांच्यावर त्या क्षणी किती वजन आहे. पुढची, मागची की चारी या वादात ही दुसरी गोष्टच हिशेबात घेतली जात नाही.

आधी ताकद कुठून कशी जाते ते पाहू. तुमच्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आहे. क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल त्याला लागूनच, एकाच केसिंगमध्ये. तिथून दोन बाजूंना दोन ड्राइव्ह शाफ्ट निघतात आणि सरळ पुढच्या चाकांत जातात. मागची चाकं नुसती ओढली जातात. बोलेरो, इको, इनोव्हा क्रिस्टा यांच्यात गिअरबॉक्सच्या मागून लांब प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागं जातो, तिथं क्राउन-पिनियन ताकदीची दिशा काटकोनात वळवतं आणि मग मागची चाकं फिरतात. (नव्या हायक्रॉस इनोव्हाला मात्र पुढच्या चाकांवर ताकद आहे. नावावरून अंदाज बांधू नका, खाली वाकून बघा.) चारी चाकांच्या गाडीत मध्ये आणखी एक जोड असतो, जो ताकदीचा एक फाटा पुढं आणि एक मागं पाठवतो. तो जोड कोणत्या जातीचा आहे यावर बरंच अवलंबून आहे, त्याकडं नंतर येतो.

आता तुमचाच चढ घेऊ. तो किती आहे हे डोळ्यानं ठरवू नका, चढ नेहमी आहे त्यापेक्षा उभा दिसतो. एक मीटरची सरळ फळी घ्या, वरचं टोक चढावर टेकवा, गवंड्याची लेव्हल ठेवून फळी आडवी सरळ करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. सोळा-सतरा सेंटीमीटर आलं तर चढ सहाला एक. आपल्या भागातल्या पाणंदींना असे चढ नवे नाहीत, म्हणून हिशेबाला तोच धरतो.

दोन माणसं बसलेली तुमची गाडी साधारण 1000 किलो. इंजिन-गिअरबॉक्स पुढं असल्यामुळं सपाटीवर त्यातले 600 पुढच्या चाकांवर आणि 400 मागच्यांवर येतात. खात्री करायची असेल तर कुठल्याही वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवा, पावती घ्या, मग पूर्ण गाडी. उद्यमबागेच्या आसपास असे काटे आहेत आणि काटेवाले नाही म्हणत नाहीत.

चढावर गाडीचं नाक वर झालं की वजन मागं सरकतं. किती, ते वजनाच्या केंद्राच्या उंचीवर आणि दोन अ‍ॅक्सलमधल्या अंतरावर ठरतं. तुमच्या गाडीत सहाला एक चढावर सुमारे 38 किलो पुढून मागं जातात, आणि उतारामुळं चाकांवरचा दाबही थोडा कमी होतो. पुढं उरतात 554 किलो. गाडी वर न्यायला लागणारा रेटा असा: चढासाठी 164 किलो, आणि मऊ चिखलात चाक रुतत चालतं त्यासाठी साधारण 50. एकूण 214. म्हणजे पुढच्या चाकांनी आपल्यावरच्या वजनाच्या 0.39 पट पकड मिळवायला हवी. पुढं सगळीकडं हाच आकडा लक्षात ठेवा: लागणारी पकड.

जमीन किती देते? सुक्या डांबरावर 0.8 च्या आसपास. ओल्या डांबरावर 0.5 ते 0.6. पाऊस उघडून दोन-चार तास झालेल्या लाल मातीवर 0.35 धरा. भर पावसात, वर पातळ राड साचलेली असताना, 0.3 किंवा त्याच्याही खाली. तुम्हाला 0.39 हवेत आणि जमीन 0.35 देते, म्हणून गाडी थोडक्यासाठी अडते. उन्हाची उघडीप मिळालेल्या दिवशी तीच गाडी चढून जाते तीही याचमुळं.

आता भावाचं म्हणणं. तेवढ्याच वजनाची, पण मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली असं समजा. इंजिन तिचंही पुढंच, म्हणून रिकाम्या गाडीत मागं फार तर 450 किलो. चढावर मागं सरकलेले 38 मिळवले तरी 482 होतात. रेटा लागतो तेवढाच, 214. लागणारी पकड 0.44. म्हणजे दोन माणसं घेऊन रविवारी बागेत जायचं असेल तर ही गाडी तुमच्या हॅचबॅकपेक्षा आधी अडेल. रिकामी पिकअप पावसात उभ्या चढाला लागली की तिचं मागचं चाक किती लवकर सुटतं हे खानापूरकडच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.

भावाचं बरोबर ठरतं ते माल भरल्यावर. मागच्या सीटवर दोन माणसं आणि डिकीत 45 किलोच्या युरियाच्या तीन पिशव्या आणि थोडी अवजारं टाकली की गाडी 1300 किलोची होते, आणि हे वाढलेलं वजन जवळपास सगळं मागच्या अ‍ॅक्सलवर बसतं. मागच्या चाकांच्या गाडीला आता 0.36 पकड पुरते. तुमच्या गाडीला मात्र त्याच मालासकट 0.49 लागते, कारण ओढायचं ओझं वाढलं आणि पुढच्या चाकांवरचं वजन जवळपास तेवढंच राहिलं. आपल्याकडं जुन्या माणसांच्या तोंडी ‘मागची गाडी ओढते’ हे बसलंय ते जीप, ट्रक, टेम्पो या भरून चालणाऱ्या गाड्यांवरून, आणि त्या गाड्यांपुरतं ते खरंच आहे.

मेहुण्याचं म्हणणं सगळ्यात सोपं. चारही चाकं ओढत असतील तर सगळं वजन कामाला येतं, कुठून कुठं सरकलं याला अर्थ उरत नाही. लागणारी पकड 0.22, गाडी भरलेली असो की रिकामी. भर पावसातली मातीही एवढं देते. पुढची आणि मागची यांतला फरक ओझ्याप्रमाणं उलटसुलट होतो, चारीचा फरक मात्र जवळजवळ दुपटीचा आहे आणि कायम आहे.

इथंच थांबलो असतो, पण हा हिशेब दोन्ही बाजूंची चाकं सारख्या जमिनीवर आहेत असं धरून केलाय, आणि पाणंदीत तसं क्वचितच असतं. एक चाक चाकोरीतल्या राडीत, दुसरं कडेच्या गवतावर, असंच असतं. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखाच पिळा देतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं म्हणून ते तसं केलेलं आहे, त्यात दोष काही नाही. पण याचा परिणाम असा की गवतावरचं चाक कितीही घट्ट असलं तरी त्याला राडीतल्या चाकाएवढाच रेटा मिळतो. एका चाकाखाली 0.4 आणि दुसऱ्याखाली 0.1 असेल तर तुमच्या हिशेबाला दोन्हीकडं 0.1 च धरावे लागतात. एक चाक भिरभिरतंय आणि दुसरं ढिम्म उभं आहे हे दृश्य तुम्ही पाहिलंच असेल, त्यामागं हेच आहे. अशा वेळी रेस वाढवली तर फिरणारं चाक खड्डा करतं, बाकी काही होत नाही.

हाच नियम चारी चाकांच्या गाडीलाही लागतो. जिप्सी, थार, जिम्नी यांच्यात मधला ट्रान्सफर केस फोर-व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का बांधतो. पण प्रत्येक अ‍ॅक्सलमधलं डिफरन्शियल साधंच असेल तर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचललं जाताच चारी चाकांची गाडीही उभी राहते. म्हणून गाडी बघताना ‘फोर बाय फोर आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, ‘डिफरन्शियलला लॉक आहे का, नसेल तर घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून अडवायची सोय आहे का’ हे विचारा. जिम्नीमध्ये ब्रेकची सोय आहे, थारच्या काही मॉडेलांत मागच्या अ‍ॅक्सलला आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक येतो. या सोयीमुळं पडणारा फरक कागदावर दिसत नाही, चाकोरीत गाडी घातल्यावर दिसतो.

शोरूममध्ये ऑल-व्हील म्हणून मिळणाऱ्या शहरी एसयूव्ही वेगळ्या. त्या मुळात पुढच्या चाकांच्या गाड्या असतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या आधी तेलात बुडालेल्या क्लच-प्लेट्सचा एक कपलिंग असतो. पुढचं चाक घसरतंय, किंवा घसरेल, असं कॉम्प्युटरला वाटलं की तो प्लेट्स दाबतो आणि ताकद मागं जाते. तुमच्यासारखा शंभरेक मीटरचा चढ ती सहज चढते, चढाच्या आधीच लॉकचं बटण दाबलं तर अधिकच. पण लांब चिखलात दहा-पंधरा मिनिटं झगडत बसलात तर प्लेट्स तापतात, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मागची ताकद बंद होते. त्या क्षणापासून ती पुन्हा पुढच्या चाकांची गाडी, आणि तीही तुमच्या हॅचबॅकपेक्षा वजनदार. असं झालं तर इंजिन चालू ठेवून गाडी उभी करा, कपलिंग थंड होऊ द्या. पुन्हा पुन्हा रेस मारणं म्हणजे त्या प्लेट्स जाळणं.

ट्रान्सफर केसवाल्या गाडीला याच्या उलट जपावं लागतं. फोर-व्हील लावून सुक्या डांबरावर चालवू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, आणि दोन्ही शाफ्ट बांधलेले असल्यामुळं तो फरक निघायला जागा नसते. चिखलात चाक थोडं सरकून तो फरक काढून टाकतं, सुक्या डांबरावर तो शाफ्टमध्ये पिळा होऊन साठतो. गाडी वळताना कुणी धरून ठेवल्यासारखी अडखळते, टायर किरकिरतात आणि नंतर लिव्हर टू-व्हीलला येत नाही. लिव्हर अशी अडकली तर जोर करू नका. स्टेअरिंग सरळ ठेवून चार-पाच मीटर मागं घ्या, पिळा सुटतो आणि लिव्हर बोटानं येते. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत तेही याच कारणानं.

आता तुम्ही काय करावं ते सांगतो. बागेत दोन माणसं आणि डबा एवढंच जात असेल तर नवी गाडी घेऊ नका, आधी आहे ती चढवून बघा. टायरची हवा 32 वरून 22 वर आणा. टायर पसरतो, जास्त जमीन धरतो आणि कमी रुततो, म्हणजे पकडही वाढते आणि ते 50 किलोही घटतात. डांबरावर येताच हवा भरायची, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा. चढाच्या तोंडाशी वळण असेल तर वळण संपवून, स्टेअरिंग सरळ करून मगच रेस द्या. पुढच्या चाकांच्या गाडीत तीच चाकं वळवतात आणि तीच ओढतात, त्यामुळं वळवण्यात खर्च झालेली पकड ओढायला उरत नाही. घसरायला लागल्यावर स्टेअरिंग जोरात इकडंतिकडं फिरवायची सवय बऱ्याच जणांना असते, तिनं उरलीसुरली पकडही जाते.

आणि एक गोष्ट फार कमी जण करून बघतात: चढ आखूड, सरळ आणि मोकळा असेल तर गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढवा. आता पुढची चाकं उताराच्या बाजूला येतात, ते 38 किलो त्यांच्यावरून जाण्याऐवजी त्यांच्यावर येतात. लागणारी पकड 0.39 वरून 0.34 होते, आणि उघडीप असलेल्या दिवशी नेमका तेवढाच फरक तुम्हाला कमी पडतोय. मागं एक माणूस बाजूला उभा करा, गाडीच्या रेषेत नको. भर पावसात हा उपाय चालणार नाही, हेही लक्षात घ्या.

मागच्या चाकांच्या गाडीवाल्यांना वेगळी युक्ती उपयोगी पडते. एकच मागचं चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हळू रेस द्यावी. फिरणाऱ्या चाकाला अडवण मिळते आणि डिफरन्शियल तेवढा पिळा दुसऱ्या चाकालाही देतं. तुमच्या गाडीत याचा उपयोग नाही, तुमचा हँडब्रेक मागच्या, नुसत्या ओढल्या जाणाऱ्या चाकांना लागतो.

कायमचा इलाज हवा असेल तर त्या शेवटच्या चढावर दोन चाकांच्या रेषेत, दीड-दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या जांभ्याच्या तुकड्यांनी आणि खडीनं बांधून घ्या, वरून येणारं पाणी कडेच्या चरात वळवा. पकड 0.3 वरून 0.5 च्या वर जाते आणि मग 0.39 वाली गाडी बिनधास्त चढते. पाणंद सामाईक असेल तर शेजाऱ्यांना घ्या सोबत. गाडी बदलण्याच्या खर्चात असे कितीतरी चढ होतील.

पण पावसाळाभर खतं, रोपं, माणसं घेऊन रोज जायचं असेल, आणि कणकुंबीकडं असतो तसा दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस असेल, तर मेहुण्याचं ऐका आणि ट्रान्सफर केसवाली गाडी घ्या, क्लच-प्लेटवाली शहरी एसयूव्ही नको. मागच्या चाकांची पिकअप तुम्हाला जाताना भरलेली चढवेल, आणि माल उतरवून येताना वाटेत चढ लागला तर तिथं अडेल. अथणी-बैलहोंगलकडची काळी माती असती तर सल्ला थोडा वेगळा दिला असता: तिथं माती टायरच्या खाचांत भरून चाकाचा गुळगुळीत गोळा होतो, आणि मग ताकद किती चाकांना जाते यापेक्षा टायरची नक्षी किती उघडी आहे हे महत्त्वाचं. तुमची लाल माती त्या मानानं लवकर निथळते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही गाडीत सारखीच आहे. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. चोर्ला घाटात पावसात उतरताना फोर-व्हीलची गाडी तुमच्या हॅचबॅकपेक्षा लवकर थांबत नाही, वजनामुळं ब्रेक जास्तच तापतात. तिचा फायदा ट्रान्सफर केसच्या लो गिअरमध्ये आहे: बागेतल्या निसरड्या उतारावर लो लावून पहिल्या गिअरमध्ये सोडली की ब्रेकला पाय न लावता चारही चाकं इंजिनच धरतं.

जुनी फोर बाय फोर बघायला गेलात तर डांबरावर चक्कर मारून सौदा करू नका. मातीच्या मैदानात न्या, फोर-व्हील लावा, सरळ वीस-तीस मीटर चालवा, मग लो लावून बघा. लिव्हर जाताना खरखर आली किंवा चालताना आपोआप बाहेर उडाली तर ट्रान्सफर केस उघडायची पाळी आहे. पहिल्यातून रिव्हर्समध्ये टाकताना खालून ‘टक्’ आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट क्रॉस सैल असतो, हे स्वस्तातलं काम. स्टेअरिंग पूर्ण कापून हळू चालवताना पुढून ‘कट-कट’ आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलाय. हाच आवाज तुमच्या हॅचबॅकलाही येऊ शकतो, कारण त्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला की लाल माती ग्रीसमध्ये शिरते आणि आतले बॉल चाटून काढते. बूट वेळेत बदलला तर काम थोडक्यात होतं, आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच घ्यावा लागतो. या पावसाळ्यात गाडी सर्व्हिसला टाकाल तेव्हा मेकॅनिकला चाकं पूर्ण वळवायला लावून दोन्ही बूट स्वतः टॉर्च मारून बघा.